आज येत नाही, पण काम कोण बघणार?

सकाळी सात वाजता अंगात ताप असताना बहुतेकजण जो मेल लिहितात तो साधारण असा असतो. आधी काल रात्रीपासून काय काय झालं, घसा कसा धरला, कोणती गोळी घेतली, तरी ताप कसा उतरला नाही. मग दोन-तीन वेळा माफी. मग ‘काही अर्जंट असेल तर फोन करा, मी लॅपटॉप जवळ ठेवते’. इतकं लिहूनही मॅनेजरला ज्या एका गोष्टीचं उत्तर हवं असतं, ते त्यात नसतं. आज जे काम व्हायलाच हवं ते कोण करणार?

मॅनेजरच्या जागी बसून पाहा. सव्वाआठला तो किंवा ती रिक्षात, लोकलमध्ये किंवा मुलांच्या डब्याच्या गडबडीत मोबाइलवर मेल उघडते. तुमच्या तापाबद्दल तिला शंका नसते. ती मनातल्या मनात तुमच्या आजच्या कामांची यादी करत असते, आणि ती यादी तिला अर्धवटच माहीत असते. नऊ वाजता ती तुम्हाला फोन करते आणि तुम्ही पांघरुणातून उत्तरं देत बसता. लांब मेल लिहूनही रजा मोडलीच.

म्हणून त्याच दिवशी रजा कळवणाऱ्या मेलमध्ये खरं वजन एकाच वाक्याला असतं: अमुक काम अमुक माणूस, अमुक वेळेपर्यंत करेल. बाकी मेल त्या वाक्याभोवती जितका आखूड तितका बरा. पण हे वाक्य खरं असायला हवं, आणि ते खरं करायला पाठवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लागतात. ते कसं करायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

सात तारखेची सकाळ

समजा, रेवती नावाची एक मुलगी वडोदऱ्यात औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे अकाउंट्स बघते. तारीख ७ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटेपासून अंग तापलंय, थर्मामीटर १०२ दाखवतोय. ऑफिस साडेनऊला सुरू होतं.

तिच्या टेबलावर आज पाच-सहा कामं आहेत: पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ, दोन जुन्या बिलांची चौकशी, सप्टेंबरचा टीडीएस भरणं, इंदूरला निघणाऱ्या गाडीचं ई-वे बिल, शिवाय फाइलिंग वगैरे. आजारपणात ही सगळी कामं डोक्यात एकदम गोळा होतात आणि सगळीच अर्जंट वाटतात. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे काम उद्या केलं तर कुणाचे पैसे जातील, कुणाची गाडी अडेल किंवा कुठली तारीख चुकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम मेलमध्ये लिहायचंच नाही.

या चाळणीतून रेवतीची दोनच कामं उरतात.

पहिलं टीडीएसचं. सप्टेंबरमध्ये कापलेला टीडीएस सरकारकडे भरायची शेवटची तारीख ७ ऑक्टोबर आहे. एक दिवस उशीर म्हणजे एका दिवसाचं व्याज, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. कापलेला कर वेळेत भरला नाही तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं, ते कर कापल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये कापलेली रक्कम ८ ऑक्टोबरला भरली तर सहसा दोन महिन्यांचं, म्हणजे ३ टक्के व्याज बसतं. रेवतीच्या चलनाची रक्कम ४८,००० रुपये आहे. एका दिवसाच्या दिरंगाईचे १,४४० रुपये.

दुसरं काम ई-वे बिलाचं. पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना गाडीबरोबर हे बिल लागतं. गाडी अकराला निघणार आहे. बिल नसेल तर ड्रायव्हर गोदामाच्या दारातच बसून राहील.

पुरवठादारांचा ताळमेळ महत्त्वाचा असला तरी तो गुरुवारीही चालेल. महत्त्वाचं काम आणि आजचं काम यांत फरक असतो, आणि आजारपणाच्या मेलमध्ये फक्त आजच्या कामाला जागा आहे.

नाव लिहिण्याआधी

आता माणूस ठरवायचा. रेवतीच्या शेजारी कविता बसते, टीडीएसचं काम तिने पाहिलेलं आहे, म्हणून पहिलं नाव तिचंच सुचतं. बहुतेक लोक इथेच थांबतात. ‘टीडीएस कविता बघेल’ असं लिहून मेल पाठवतात आणि डोळे मिटतात. दुपारी तीनला कळतं की कविताच्या बँक लॉगिनमधून खातं फक्त दिसतं, पेमेंट टाकता येत नाही.

कंपनीच्या खात्यातून नेट बँकिंगने पैसे भरताना बहुतेक ठिकाणी दोन माणसं लागतात. एक पेमेंट टाकतो, दुसरा ते तपासून मंजूर करतो. ऑफिसात त्यांना मेकर आणि चेकर म्हणतात. एकाच लॉगिनने दोन्ही करता येत नाही, ती सोय मुद्दाम तशी केलेली असते. म्हणजे पर्याय शोधताना ‘कुणाला येतं?’ हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा असतो ‘कुणाच्या लॉगिनला परवानगी आहे?’ रेवतीच्या ऑफिसात मेकरचं लॉगिन तिच्याकडे आहे आणि इम्रानकडे. मंजुरी देणारे महेश सर, म्हणजे तिचे मॅनेजर. तेव्हा टीडीएस इम्रानच भरू शकतो, आणि सरांनाही त्यात एक काम आहे. ते मेलमध्ये यायला हवं, नाहीतर इम्रान बारा वाजता पेमेंट टाकेल आणि ते संध्याकाळपर्यंत मंजुरीच्या रांगेत पडून राहील.

ई-वे बिलासाठी मात्र कविताचं स्वतःचं लॉगिन आहे. ते काम तिचं.

नावं ठरली, तरी मेल अजून लिहायचा नाही. आधी दोघांना विचारायचं. मेल नको, फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप, कारण उत्तर लगेच हवंय. रेवती पावणेआठला इम्रानला लिहिते: ‘इम्रानभाई, मला ताप आहे, आज येत नाही. सप्टेंबरचा टीडीएस आज भरायचाय, चलन मी काल बनवून ठेवलंय, फक्त पेमेंट टाकायचं. दुपारी बारापर्यंत जमेल का? तुमचं मेकर लॉगिन चालू आहे ना?’ या निरोपात तीन गोष्टी आहेत: काम किती उरलंय, केव्हापर्यंत हवंय आणि लॉगिन चालतंय का. ‘आज जरा माझं काम बघाल का?’ असं विचारलं तर समोरचा माणूस ‘हो हो, आराम करा’ म्हणतो, आणि आपण कशाला हो म्हणालो हे त्याला अकरा वाजता कळतं.

उत्तर आलं नाही तर? दहा मिनिटं थांबून फोन करायचा. फोनही लागला नाही तर त्याचं नाव ‘ठरलं’ म्हणून लिहायचं नाही. ‘इम्रानला निरोप दिलाय, अजून उत्तर नाही’ असं लिहायचं. मॅनेजर मग ऑफिसात पोचल्यावर त्याला गाठतो. न विचारता लिहिलेलं नाव सगळ्यात वाईट, कारण मॅनेजर निर्धास्त होतो आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याला पत्ताच नसतो. तो दुसऱ्या शिफ्टचा असेल, बाहेरगावी असेल, स्वतःच रजेवर असेल. ‘टीम सांभाळून घेईल’ हे वाक्यही त्यातलंच. चारजणांवर सोपवलेलं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं. एका कामाला एकच नाव द्या.

मेल

रेवतीचा मेल सव्वाआठला जातो. तुमच्या ऑफिसात मेल इंग्रजीत किंवा हिंदीत जात असतील तर भाषा ती ठेवा, बांधणी हीच राहू द्या.

> विषय: आज ७ ऑक्टोबर आजारी रजा – रेवती – टीडीएस इम्रान भरतील
>
> महेश सर,
>
> रात्रीपासून ताप आहे, म्हणून आज मंगळवारी मी आजारी रजा घेत आहे.
>
> आजच व्हायला हवीत अशी दोन कामं आहेत. टीडीएसचं चलन (४८,००० रुपये, आज शेवटची तारीख): इम्रान दुपारी १२ पर्यंत पेमेंट टाकतील, त्यानंतर तुमची मंजुरी लागेल. चलन शेअर्ड फोल्डरमध्ये ‘टीडीएस सप्टेंबर’ नावाने आहे. इंदूरच्या गाडीचं ई-वे बिल: कविता १०.३० पर्यंत काढेल.
>
> दोघांशी बोलणं झालं आहे. बाकी कामं मी आल्यावर करेन.
>
> फोन ११ ते १२ मध्ये घेऊ शकेन. उद्याचं आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवते.
>
> रेवती

सीसीत इम्रान आणि कविता. ते विसरू नका. त्यांनी सकाळी ‘हो’ म्हटलेलं असतं, पण नेमकं काय ठरलं ते तिघांनाही एकाच जागी वाचायला मिळतं. शिवाय इम्रानने स्वतःचं काम बाजूला ठेवून तुमचं केलं, हे त्याच्या मॅनेजरच्याही नजरेसमोर राहतं.

विषयाची ओळ नीट वाचा. मोबाइलवर मेल न उघडता फक्त तेवढीच ओळ दिसते, आणि तीही शेवटी कापली जाते. म्हणून ‘आज’, तारीख आणि ‘आजारी रजा’ आधी. ‘विनंती’, ‘रजेबाबत’, ‘नमस्कार सर’ अशी सुरुवात केली तर कामाचं सगळं कापलेल्या भागात जातं. ‘रजेबाबत’ एवढंच असेल तर मॅनेजरला वाटतं दिवाळीची रजा मागितलीय, संध्याकाळी बघू.

आजाराचं वर्णन एका शब्दात संपलं आहे. ताप, पोटाचा त्रास, डॉक्टरकडे जावं लागतंय, इतकं पुरे. पाळीचा त्रास असेल, मनाचं काही असेल, जे सांगावंसं वाटत नाही ते असेल, तर ‘तब्येत बरी नाही’ हेही पूर्ण वाक्य आहे. लक्षणांची यादी लिहिणारे बहुधा विश्वास बसावा म्हणून लिहितात. पण तो मेल सीसीतून चारजणांच्या इनबॉक्समध्ये राहतो, पुढेही पाठवला जातो. जुलाबांची संख्या तिथे कशाला? एक दिवसाच्या रजेला अनेक ऑफिसांत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, दोन-तीन दिवसांनंतर लागतं. तुमच्याकडे काय नियम आहे ते एचआरच्या पॉलिसीत पाहून ठेवा, आणि लागत असेल तर ते एचआरकडे वेगळं पाठवा.

‘मी आजारी रजा घेत आहे’ असं थेट लिहिलंय, ‘रजा मिळेल का’ असं नाही, हे काहींना खटकेल. आपल्याकडे वरिष्ठांना असं लिहिणं उर्मट वाटतं. काही ऑफिसांत, विशेषतः सरकारी किंवा जुन्या वळणाच्या ठिकाणी, ‘कृपया आजची रजा मंजूर करावी’ असं लिहायची रीत आहे. ती असेल तर तसं लिहा, अडत नाही. पण ताप असताना तुम्ही येणार नाही हे तर ठरलेलंच आहे, त्यामुळे मॅनेजरला उत्तराची वाट पाहणारा प्रश्न देण्यापेक्षा माहिती दिलेली सोयीची. माफीही एकदाच, किंवा नाहीच. तिचा आदर कामाच्या ओळीतून पोचलेला असतो.

फोनच्या वेळेचं वाक्य मात्र गाळू नका. ‘कधीही फोन करा’ लिहिलं की दिवसभर फोन येतात. काहीच लिहिलं नाही तर लोक बिचकतात, किंवा तरीही करतात. एक तास ठरवून दिला की इम्रान त्याचे प्रश्न साठवून ठेवतो आणि अकराला एकदाच विचारतो. तासभरही बोलवत नसेल तर ‘आज फोन घेता येणार नाही’ असं स्पष्ट लिहा. कामं सोपवलेली असल्यामुळे ते वाक्य निष्काळजी वाटत नाही.

पासवर्ड कधीही नाही

पेच इथेच पडतो. काम अर्जंट आहे, समोरच्याकडे लॉगिन नाही, आणि सगळ्यात सोपा उपाय दिसतो तो म्हणजे आपला पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं आणि ओटीपी आला की फोनवर सांगणं. डिजिटल सहीचं डोंगल ड्रॉवरमध्ये, पिन चिठ्ठीवर, हाही त्यातलाच प्रकार. असं करू नका. त्या लॉगिनने जे होईल ते तुमच्या नावावर नोंदलं जातं. उद्या रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर बँकेच्या नोंदीत तुमचंच नाव असेल, तुम्ही त्या वेळी अंथरुणात होतात हे तिथे दिसणार नाही. इम्रानने मेकर लॉगिन वापरलं तर ते त्याचं स्वतःचं असतं. तसं लॉगिन दुसऱ्या कुणाकडेच नसेल तर ते काम सोपवण्यासारखं नाही, आणि मेलमध्ये तसंच लिहायचं.

म्हणजे कसं? छोट्या ऑफिसांत हे रोजचं आहे. अकाउंट्सला एकच माणूस असतो, त्याच्या जागी नाव द्यायला कुणी नसतं. तिथे लोक एक तर खोटं नाव लिहितात, नाहीतर १०२ ताप घेऊन ऑफिस गाठतात. तिसरा मार्ग असा: ‘टीडीएससाठी सध्या पर्याय नाही. आज भरला नाही तर सुमारे १,४४० रुपये व्याज लागेल. मी दुपारी १२ ते १२.३० घरून लॉगिन करून एवढंच पेमेंट टाकू शकते, किंवा आपण उद्या व्याजासह भरू. आपण सांगाल तसं करते.’ यात काम, नुकसान आणि दोन पर्याय आहेत, निर्णय मॅनेजरचा. कधी कधी ते व्याज भरणंच परवडतं. ते ठरवायचा अधिकार मात्र त्यांचा.

मॅनेजर स्वतः रजेवर असतील तर मेल त्यांच्या वरच्यांनाही सीसी करा. आणि गाडी तासाभरात निघणार असेल, वॉर्डात ड्यूटी असेल, पहिला तास वर्गावर असेल, तर आधी फोन, नंतर मेल. मेल तेव्हा नोंदीपुरता. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये रजा टाकायची असेल तर ती बरं वाटल्यावर टाकली तरी सहसा चालते. तिथे फक्त तारीख आणि रजेचा प्रकार जातो, काम कोण करणार हे जात नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये रजा टाकली म्हणजे कळवलं, असं धरू नका.

घरच्यांसाठी एक गोष्ट. ताप इतका चढला की मोबाइल हातात धरवत नाही, किंवा दवाखान्यात न्यावं लागलं, तर कळवणार कोण? मॅनेजरचा नंबर नवऱ्याकडे, बायकोकडे, आईकडे किंवा रूममेटकडे असू द्या. त्यांना कामांची नावं माहीत असायची गरज नाही. ‘रेवती आज येऊ शकत नाही, तिला बोलता येत नाहीये, तिच्या टेबलावरची आजची कामं इम्रान आणि कविताला विचारा’ एवढा फोन पुरतो. हे शेवटचं वाक्य घरच्यांना सांगता यावं म्हणून आपल्या कामाचे दोन जोडीदार कोण, हे घरात माहीत असलेलं बरं.

रेवतीचं एवढं सुरळीत झालं त्याला सोमवार संध्याकाळ कारण होती. तिने निघण्याआधी चलन तयार करून फोल्डरमध्ये ठेवलं होतं, फक्त पैसे भरणं उरलं होतं. चलन तिच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर असतं तर इम्रान काहीच करू शकला नसता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी काम निम्म्यावर आणून ते दुसऱ्याला उघडता येईल अशा जागी ठेवायचं, ही सवय अकाउंट्सवाल्यांना असते, इतरांनीही घ्यावी. दुकानाच्या ऑर्डरची वही असो की शाळेची प्रश्नपत्रिका, ती कुणाला तरी सापडायला हवी.

संध्याकाळी सहाला रेवतीचा ताप शंभरावर आहे. ती त्याच मेलवर दोन ओळी पाठवते: ‘ताप कमी आहे, पण उद्याही येऊ शकणार नाही. उद्या शेवटच्या तारखेचं काही काम नाही.’ नवीन मेल नाही, त्याच मेलचं उत्तर, म्हणजे सकाळचं सगळं खाली दिसतं.

गुरुवारी ऑफिसात आल्यावर ती आधी इम्रानला चहा पाजते आणि मग चलनाची पावती उघडून पाहते: भरल्याची तारीख ७ ऑक्टोबर आहे ना, रक्कम बरोबर आहे ना, बीएसआर कोड आणि चलन क्रमांक दिसतोय ना. जुलै ते सप्टेंबरचं टीडीएस रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं आहे, आणि त्यात हेच आकडे लागणार आहेत.